एक टनाचा एसी: 3 स्टार की 5 स्टार?

एक टनाचा एसी घेतोय. उन्हाळाभरात 3 आणि 5 स्टारच्या बिलात किती फरक पडेल?

लेबलवरचे वार्षिक युनिट बघा. ते 1600 तासांच्या वापराचे असतात. रोज 8 तास, 100 दिवस चालवला तर 800 तास, म्हणजे बरोबर निम्मे. समजा, 3 स्टारवर 700 आणि 5 स्टारवर 540 लिहिलंय. उन्हाळ्यात अनुक्रमे 350 आणि 270 युनिट लागतील, वाचतील 80. दर मात्र सरासरी धरू नका. एसीचे युनिट बिलाच्या वरच्या, महाग टप्प्यात पडतात. तिथे 12 रुपये दर असेल तर बचत 960 रुपये. किमतीतला फरक 5000 असेल तर तो वसूल व्हायला पाचेक उन्हाळे जातील. फक्त रात्री दोन-तीन तास लावणार असाल तर माझ्या मते 3 स्टार पुरे.