स्टॅटिन चालू असताना जिममध्ये मांड्या दुखल्या तर?

प्रश्न: कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेतो. परवा जिममध्ये स्क्वॅट्स मारले, आज जिना उतरवत नाही. गोळी बंद करू का?

उत्तर: एवढ्यावरून नको. नव्या व्यायामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. तोवर नुसतं चाला. पुढे वजन हळूहळू वाढवा. न वापरलेले स्नायूही दोन्ही बाजूंनी दुखत राहिले, तर डॉक्टरांना सीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारा. मात्र व्यायामानंतर सीके तसंही वाढतं, म्हणून स्क्वॅट्सचं आधी सांगा.

लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, खुर्चीतून उठण्याइतकीही ताकद उरली नाही किंवा मांड्या सुजून कडक झाल्या, तर पुढची गोळी न घेता लगेच इस्पितळ गाठा. तुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंड निकामी करू शकतं. क्वचितच होतं, पण भरपूर पाणी पिऊन घरी वाट बघू नका.