रात्रीच्या जेवणाऐवजी मील रिप्लेसमेंट शेक घेतला तर चालेल का?

प्रश्न: वय ३८, वजन ७४ किलो, थायरॉइडची गोळी चालू आहे. मैत्रीण रात्री जेवणाऐवजी मील रिप्लेसमेंट शेक घेते आणि तिचं वजन उतरलंय. मी घेऊ का? डब्यावर प्रोटीन आणि साखर नेमकी कुठे आणि कशी बघायची?

उत्तर:

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी पिशवीतून डबा घेऊनच येतात. शेकने वजन उतरतं, हे खरं आहे. पण ते उतरतं मोजून कमी कॅलरी पोटात गेल्यामुळे. पावडरीत चरबी जाळणारं असं काही नसतं. म्हणून आधी डबा वाचायला शिका, मग रात्रीच्या जेवणाचं ठरवू.

समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात जे छापलंय ते सोडून द्या आणि डबा फिरवून मागचा तक्ता बघा. त्यात बहुतेक वेळा एक रकाना १०० ग्रॅमचा असतो आणि दुसरा एका सर्व्हिंगचा. तुम्ही १०० ग्रॅम पिणार नाही, त्यामुळे सर्व्हिंगचाच रकाना कामाचा. मात्र त्या रकान्यावर कुठेतरी छोटी चांदणी असते आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘२०० मिली दुधासह’. खरी गोम तिथे आहे.

बाजारात सर्रास दिसतो तसा एक डबा घेऊ. समोर लिहिलंय १४ ग्रॅम प्रोटीन. मागे १०० ग्रॅम पावडरीत ३८० कॅलरी, २४ ग्रॅम प्रोटीन, एकूण साखर ३० ग्रॅम आणि त्यातली वरून घातलेली १८ ग्रॅम. सर्व्हिंग ३३ ग्रॅमची, म्हणजे या सगळ्याचा तिसरा हिस्सा: १२५ कॅलरी, ८ ग्रॅम प्रोटीन, १० ग्रॅम साखर. उरलेलं ६ ग्रॅम प्रोटीन तुमच्याच घरच्या दुधातलं! पाण्यात कालवलात तर हातात ८ ग्रॅमच येतं. टोन्ड दूध घेतलंत तर एका ग्लासात साधारण २४५ कॅलरी होतात, आणि घरी म्हशीचं सायीचं दूध येत असेल तर ३२५ ते ३५० च्या आसपास.

साखरेच्या दोन ओळी वेगवेगळ्या वाचायच्या. एकूण साखरेत दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोजही येतं, त्याला घाबरायचं कारण नाही. बघायची ती वरून घातलेल्या साखरेची ओळ. आपल्या डब्यात ती सर्व्हिंगला ६ ग्रॅम आहे, म्हणजे चहाचा एक चमचा भरून. पण एवढ्यावर थांबू नका, घटकांची यादीही वाचा. त्यात जे वजनाने सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. पहिल्या दोन-तीन नावांत माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर डबा परत ठेवा. ते स्टार्चपासून काढलेलं पीठ आहे, तक्त्यात ते साखरेच्या ओळीत जवळपास मोजलंच जात नाही आणि रक्तातली साखर मात्र झपाट्याने वाढवतं. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या डब्यांतही ते सापडतं. पहिलं नाव दुधाचं, व्हेचं किंवा सोयाचं प्रोटीन असेल तर पुढे विचार करायला हरकत नाही.

प्रोटीन पुरेसं आहे का, हे बघायला मी एक सोपा हिशोब देते. युरोपात ज्या शेकला जेवणाची जागा घेणारा म्हणून वजनाचा दावा करायचा असतो, त्यात २०० ते २५० कॅलरी आणि त्यातल्या किमान पाव हिश्श्याच्या कॅलरी प्रोटीनमधून यायला लागतात. एक ग्रॅम प्रोटीन म्हणजे ४ कॅलरी. म्हणून तयार ग्लासाच्या कॅलरींना १६ ने भागा, जो आकडा येईल तेवढे ग्रॅम प्रोटीन हवं. आपले २४५ भागिले १६ म्हणजे १५. डब्यात दुधासकट १४, म्हणजे तो दूध धरूनही थोडा कमीच पडला. शिवाय दुकानात याच फळीवर आजाऱ्यांची ताकद भरून काढण्यासाठीचे डबेही असतात. ते जेवणासोबत घ्यायचे असतात, वजन उतरवायला नाहीत. दिसायला सारखेच असल्याने गल्लत होते.

आता तुमचं रात्रीचं ताट. ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मुगाची चमचाभर तेलातली उसळ, वाटीभर दही किंवा त्याचं ताक आणि कांदा-काकडी. यात साधारण ४२५ ते ४५० कॅलरी, १८ ग्रॅम प्रोटीन आणि १२ ग्रॅम तरी फायबर मिळतं. आपल्या शेकमध्ये फायबर सर्व्हिंगला २ ग्रॅम. म्हणजे रोज रात्री तुम्ही २०० कॅलरी वाचवाल, पण चावून खाल्लेलं आणि पोटात टिकणारं सगळं गमवाल. पातळ पदार्थाने भूक तेवढी भागत नाही. आठाला शेक घेऊन साडेदहाला चिवड्याच्या डब्याकडे हात गेला की ते २०० तिथेच भरून निघतात. आठवड्याभरात पोट साफ होईनासं झालं तर फायबर कमी पडतंय असं समजा.

हेच ताट चार पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि भात असं असतं तर मी शेकच्या बाजूने बोलले असते. काय काढून काय ठेवताय, यावर सगळं आहे.

शेकवरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ नावाचा, त्याचे पहिले निकाल २०१७ मध्ये आले. टाइप २ मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचे फक्त शेक आणि सूप दिले. वर्षाअखेर जवळपास निम्म्यांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या खाली होती. हे मोठं यश आहे, मी ते कमी लेखत नाही. पण त्यात पहिल्या दिवशी मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरी देखरेखीखाली बंद केल्या होत्या, आणि शेकनंतर दोन ते आठ आठवडे एकेक जेवण परत सुरू करून किती वाढून घ्यायचं हे शिकवलं होतं. आपल्याकडे डबा विकत मिळतो, हा दुसरा भाग मिळत नाही. डबा संपल्यावर तुम्ही त्याच कढईसमोर, त्याच डावाने भात वाढत उभ्या असता, आणि वजन तिथूनच परत येतं. घरात कोणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असेल तर त्यांनी बघून-बघून शेक सुरू करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. किडनीचा आजार असेल किंवा गरोदरपण असेल तरी नको.

तुमच्यासाठी माझं मत: रात्रीचं जेवण ठेवा. शेक घ्यायचाच असेल तर संध्याकाळी पाच-सहाला घ्या, तेव्हा ऑफिसमधून निघताना वडापाव किंवा फरसाण होत असेल तर त्याच्या जागी. सकाळच्या नाश्त्याला घेऊ नका, कारण तुमची थायरॉइडची गोळी. शेकमधल्या कॅल्शियम आणि लोहामुळे ती नीट शोषली जात नाही, सोयानेही तेच होतं. गोळी उपाशीपोटी घेतल्यापासून शेकमध्ये चार तासांचं अंतर हवं. सकाळी साडेसहाची गोळी आणि आठचा शेक असं चालू राहिलं तर पुढच्या तपासणीत टीएसएच वाढलेलं दिसू शकतं आणि डोस वाढवला जाऊ शकतो. आधीच सकाळी घ्यायला सुरुवात केली असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.