व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा सिग्नलवर नेता येतील का?

प्रश्न: व्हॉट्सॲप सोडून सिग्नलवर जातोय. आईबरोबरच्या सहा वर्षांच्या गप्पा तिकडे न्यायच्यात. ड्राइव्हवर बॅकअप आहे, पण सिग्नल तो घेतच नाही. काय चुकतंय?

तुमचं काहीच चुकत नाहीये. व्हॉट्सॲपची बॅकअप फाइल (`msgstore.db.crypt15` वगैरे) कुलूपबंद असते आणि किल्ली सिग्नलकडे नसते. समजा कुलूप उघडलं, तरी आतली मांडणी व्हॉट्सॲपच्या सोयीची. शिवाय "हा मेसेज खरंच आईनेच पाठवला होता" हे सिग्नल कशावरून ठरवणार? सिग्नलमधलं रिस्टोअर फक्त सिग्नलच्याच बॅकअपसाठी आहे.

उरतं एक्स्पोर्ट. इथेच मी माती खाल्ली. जानेवारी २०२१ मध्ये सगळे सिग्नलकडे पळत होते, मीही पळालो. बाबांबरोबरचं २०१४ पासूनचं चॅट `Export chat` करून स्वतःला मेल केलं. फाइल आली, शेवटचे मेसेज बघितले, झालं समाधान. मोबाइलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "बॅकअप ड्राइव्हवर असतोच की, काका." मी ॲप काढायच्या ऐवजी खातंच डिलीट केलं. त्याबरोबर ड्राइव्हवरचा बॅकअपही जातो, हे नंतर कळलं.

महिन्याभराने फाइल वरून वाचायला घेतली, तर पहिलीच ओळ ऑगस्ट २०१६ ची! व्हॉट्सॲप फोटोंशिवाय शेवटचे ४०,००० आणि फोटोंसकट १०,०००च मेसेज देतं. आमचे दिवसाला सरासरी २५, म्हणजे जेमतेम साडेचार वर्षं. आधीची दोन वर्षं गेली. दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग, पण राग अजून आहे.

तेव्हा एक्स्पोर्ट झालं की फाइलची पहिली ओळ बघा. ती अशी दिसते:

```
14/08/16, 9:41 pm - बाबा: पोचलास का?
```

ही तारीख चॅटमधल्या सगळ्यात जुन्या मेसेजशी जुळली नाही तर वरचा भाग कापला गेलाय. फोटोंच्या जागी नुसतं `<Media omitted>` येतं, म्हणून `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media` हे फोल्डर अख्खं कॉम्प्युटरवर कॉपी करा.

माझं मत विचाराल तर जुन्या फोनवर व्हॉट्सॲप तसंच राहू द्या, अधूनमधून उघडत राहा (खातं बराच काळ, साधारण १२० दिवस, न वापरल्यास बंद होऊ शकतं). नवीन गप्पा सिग्नलवर. मेसेज शोधणं, कोणी कशाला उत्तर दिलं ते बघणं, हे मूळ ॲपमध्येच जमतं. टेक्स्ट फाइलमध्ये ते धागे तुटलेले असतात.

टेलिग्राम मात्र २०२१ पासून ही एक्स्पोर्ट फाइल घेतं. एक्स्पोर्ट करताना शेअरच्या यादीत टेलिग्राम निवडायचं. पण ते मेसेज टेलिग्रामच्या सर्व्हरवर जातात आणि समोरच्यालाही दिसतात. खासगीपणासाठी सिग्नलकडे निघाला असाल तर मला हा उलटा प्रवास वाटतो. अर्थात आईला आधी विचारा, गप्पा तिच्याही आहेत.

(मी अँड्रॉइडवाला. आयफोनवर फोल्डर वेगळे, तिथलं मला विचारू नका.)