पश्चिमेकडच्या बैठकीसाठी पर्गोला की व्हरांडा?

प्रश्न: जळगावला पश्चिममुखी घर आहे. पुढे आठ फूट जागा आहे. पर्गोला करू की पत्र्याचा व्हरांडा? ऊन-पाऊस दोन्ही अडायला हवं.

उत्तर: व्हरांडाच करा. उघड्या पट्ट्यांचा पर्गोला पाऊस अडवत नाही, आणि मे महिन्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असल्याने उभ्या-पातळ पट्ट्यांतून ऊन सरळ खाली येतं.

भिंतीशी छत साडेनऊ फूट आणि पुढची कड साडेसात फूट ठेवा. एवढ्या उतारावर पाणी थांबत नाही आणि कड खाली आल्याने सावलीही वाढते. तरी मे महिन्यात पाचच्या सुमारास सूर्य इतका उतरतो, की साधारण साडेतीन फुटांखालची भिंत उन्हात येते. म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसालाच झळ लागते! छत आणखी पुढे काढून हे फारसं सुटत नाही. पुढच्या कडेला गुंडाळता येणारे बांबूचे पडदे लावा. पावसाळी वारा इकडे बहुधा पश्चिम-नैऋत्येचा असतो, म्हणून तिरप्या सरींनाही तेच आडवे येतील. मात्र वादळात ते गुंडाळून घट्ट बांधा.

नुसता पत्रा तापून खाली झळ सोडतो, म्हणून इन्सुलेटेड पत्रा घ्या. गळती बहुतेक भिंतीच्या सांध्यातून होते: भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत घाला, तिचं दुसरं टोक छतावर उतरवा आणि खाच सीलंटने भरा. फरशीला बाहेरच्या बाजूला दीड इंच उतार द्या.