फॉल-पिकोच्या शॉर्टला शीर्षक आणि वर्णन कसं लिहावं

प्रश्न: माझं साडी फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. फॉल लावण्याआधी तो का भिजवायचा, यावर ४५ सेकंदांचा यूट्यूब शॉर्ट तयार आहे. शीर्षक आणि वर्णनात नेमकं काय लिहू?

उत्तर: शॉर्ट्स वर सरकवत बघणारा माणूस शीर्षक वाचून व्हिडिओ निवडत नाही, व्हिडिओ आपोआप त्याच्यासमोर येतो. तिथे पहिले दोन-तीन सेकंदच काय ते ठरवतात. शीर्षक कामाला येतं ते कुणी काही शोधत असेल तेव्हा. म्हणून ते शोधणाऱ्या बाईसाठी लिहा.

ती काय शोधेल? 'फॉल भिजवणे' हे बहुधा नाही, कारण तो उपाय आहे आणि तो तिला अजून माहीत नाही. तिला दिसतंय ते एवढंच, की साडी धुतल्यावर काठाला चुण्या पडल्या. शीर्षकात आधी तिची अडचण येऊ द्या आणि लगेच उत्तरही देऊन टाका:

साडीला फॉल लावल्यावर चुण्या पडतात? आधी फॉल भिजवा | saree fall

उत्तर आधीच सांगितलं तर व्हिडिओ कोण बघणार, अशी शंका येईल. पण बघणारीला किती वेळ भिजवायचा, कसा वाळवायचा हे डोळ्यांनी पाहायचं असतं. उलट 'ही चूक करू नका' असं झाकून ठेवलेलं शीर्षक शोधात सापडतच नाही, कारण त्यात ना साडी आहे ना फॉल.

शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते, त्यामुळे वरचं शीर्षक छोटं दिसलं तरी साठच्या आसपास जातं. मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, म्हणून 'साडीला फॉल' हे शब्द अगदी सुरुवातीला ठेवलेत. रोमन लिपीतले दोन शब्द शेवटी आहेत, कारण बऱ्याच जणी मराठीत विचार करून इंग्रजी कीबोर्डवर टाइप करतात. दुकानाचं नाव शीर्षकात नको. ते चॅनेलच्या नावात असतंच, आणि अनोळखी माणूस त्या नावाने शोधणार नाही. हेच शीर्षक शॉर्टवर खालच्या बाजूला उमटतं, तेव्हा व्हिडिओत स्वतः टाकलेली अक्षरं तळाला ठेवू नका, एकमेकांवर चढतात.

वर्णन शॉर्ट बघताना समोर दिसत नाही, मेनूतून उघडावं लागतं. तरी ते रिकामं सोडू नका. शोधात ते धरलं जातं, शिवाय घरी करून बघणारी बाई पायऱ्या पुन्हा वाचायला तिथेच येते. असं लिहा:

```
सुती फॉल पाण्यात आकसतो. न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात साडीच्या काठाला चुण्या पडतात.
१. फॉल साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा.
२. न पिळता सावलीत वाळवा.
३. इस्त्री करून मगच साडीला टाचा.
saree fall kasa lavaycha, fall bhijavne
फॉल-पिको: (गाव, चौक), वेळ १० ते ७
#साडी #फॉलपिको
```

पहिल्या ओळीत कारण आहे, 'नमस्कार मैत्रिणींनो' नाही. शोधाच्या निकालात वर्णनाचा दिसला तर सुरुवातीचाच तुकडा दिसतो. रोमन ओळ एकच पुरे. साडीशी संबंध नसलेल्या शब्दांची किंवा नटनट्यांच्या नावांची रास तिथे ओतली तर ते यूट्यूबच्या नियमांविरुद्ध जातं आणि व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो. हॅशटॅगमध्ये जागा सोडली की तो तिथेच तुटतो, म्हणून 'फॉलपिको' जोडून लिहिलंय. साठाहून जास्त हॅशटॅग झाले तर यूट्यूब एकही धरत नाही. तुम्हाला दोन-तीनच लागतात. #viral वगैरे टाकून काही साधत नाही.

इथे एक चूक फार होते. व्हॉट्सॲपची किंवा नकाशाची लिंक वर्णनात टाकली जाते आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून वाईट वाटतं. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून शॉर्टच्या वर्णनातली आणि टिप्पण्यांमधली लिंक दाबली जात नाही, ती नुसती अक्षरं राहते. लिंक चॅनेलच्या पानावर लावा आणि वर्णनात 'लिंक चॅनेलच्या पानावर' एवढं लिहा. फोन द्यायचाच असेल तर दुकानाचा द्या, घरचा नको, कारण तो कुणालाही दिसतो.

तीन-चार आठवड्यांनी यूट्यूब स्टुडिओत त्या शॉर्टच्या ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठून आले ते बघा. 'YouTube search' उघडलं की लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात. तिथे समजा 'साडी फॉल गोळा होतो' असं आलं, तर 'चुण्या पडतात' काढून तोच शब्दप्रयोग शीर्षकात घ्या. शीर्षक केव्हाही बदलता येतं, पण दर दोन दिवसांनी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि सुरुवातीलाच लोक व्हिडिओ सरकवून जात असतील तर शीर्षकाला हात लावू नका. चुण्या पडलेला काठ पहिल्याच दृश्यात दाखवा.