चेक इंजिनचा दिवा आणि आयडलिंगला थरथर: ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी हे आकडे बघा

प्रश्न: माझी १.८ लिटरची पेट्रोल सेडान आहे, सातारा पासिंग. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. स्कॅनरवर P0171 आला. प्लग बदलले, फरक नाही. आता गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर: आत्ता नको. P0171 चा अर्थ एवढाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे मिक्स्चर लीन आहे. ही गोष्ट कॉम्प्युटरला ऑक्सिजन सेन्सरनेच सांगितलेली असते आणि बहुतेक वेळा ती खरी असते. सेन्सर क्वचित खोटंही बोलतो, पण ते आधी सिद्ध व्हायला हवं. मी साताऱ्यात स्कॅनिंगचंच काम करतो. हा कोड घेऊन आलेल्या ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे मी आधी तोच बघतो.

हा सेन्सर एअर फिल्टरच्या डब्याच्या पुढे, रबरी पाइपच्या तोंडाशी बसवलेला असतो. आत केसासारखी बारीक तार किंवा पातळ पट्टी विजेने तापवलेली असते. गरम चहावर फुंकर घातली की तो निवतो, तशी आत जाणारी हवा त्या तारेला थंड करते. तार ठरलेल्या तापमानावर टिकवायला किती वीज लागली, त्यावरून किती ग्रॅम हवा आत गेली हे कळतं. तारेवर धुळीचा थर चढला की तिची उष्णता बाहेर पडत नाही, वीज कमी लागते आणि कॉम्प्युटरला वाटतं हवाच कमी आली. तो त्या कमी हवेपुरतंच पेट्रोल देतो.

त्यात सेन्सरचा स्वतःचा कोड बहुधा येत नाही. सिग्नल तुटलेला नसतो, फक्त कमी असतो. म्हणून दोष लपून राहतो आणि संशय प्लग, कॉइल, ऑक्सिजन सेन्सर यांच्यावर जातो.

तो उघडा पाडतात फ्युएल ट्रिमचे आकडे. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात STFT आणि LTFT असे दोन आकडे दिसतात. पहिला म्हणजे कॉम्प्युटर या क्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय. दुसरा म्हणजे रोजच वाढवावं लागतंय म्हणून त्याने कायमची धरून ठेवलेली दुरुस्ती. दोन्हींची बेरीज करायची. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. बेरीज अधिक वीस-पंचवीसच्या घरात जाऊन टिकली की बऱ्याच गाड्यांत P0171 येतो.

मात्र बेरीज एकदाच बघून भागत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद, असं एकदा आयडलिंगला बघा आणि एकदा २५०० आरपीएमला रेस धरून बघा. कुठला तरी व्हॅक्यूम पाइप फाटला असेल तर आयडलिंगला आकडा मोठा दिसतो आणि रेस दिल्यावर उतरतो, कारण फटीतून शिरणारी हवा तेवढीच राहते आणि एकूण हवा वाढते. फ्लो सेन्सर मळला असेल तर रेस दिल्यावर आकडा उतरत नाही, उलट बहुधा चढतो.

कोरेगावकडच्या एका शिक्षकांची तुमच्यासारखीच १.८ लिटरची गाडी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर नवा टाकून झाला होता, तरी दिवा परत लागलेला. सकाळी थंड इंजिनावर थरथर जास्त, एसी चालू केला की बंद पडेल असं वाटायचं आणि खंबाटकी घाटात पिकअप नाही. आयडलिंगला STFT अधिक ३, LTFT अधिक १५, म्हणजे बेरीज १८. २५०० ला अधिक ६ आणि अधिक २०, बेरीज २६. आकडा चढला, म्हणजे व्हॅक्यूम लीकचा संशय मागे पडला.

मग MAF ही ओळ बघितली. तिथे हवा ग्रॅम प्रति सेकंदात दिसते. आयडलिंगला १.९ होती. या मापाच्या इंजिनाला ती साधारण दोन ते तीनच्या मध्ये असायला हवी. आता १.९ मध्ये १८ टक्के मिळवले की २.२ होतात. म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून जी हवा भरून काढत होता, ती सेन्सरच्या हिशेबातून गळलेली हवाच असावी. २५०० ला ६.३ होती, त्यात २६ टक्के मिळवले की जवळजवळ ८.

सेन्सर काढला तर तारेवर करड्या धुळीची लव होती. कारण फिल्टरच्या डब्यात सापडलं. सर्व्हिसिंगनंतर मागची एक क्लिप बसलीच नव्हती आणि त्या फटीतून रस्त्याची धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात होती. साफ करून बसवल्यावर आयडलिंगला २.२ आणि २५०० ला ७.९ दिसलं, ट्रिमची बेरीज तीनच्या आत आली. गाडी महाबळेश्वरला नेहमी जाते, तिथल्या विरळ हवेने असं होत असेल का, असं त्यांनी विचारलं होतं. हा सेन्सर हवेचं वजन मोजतो, त्यामुळे विरळ हवेचा हिशेब त्यात आपोआप येतो.

साफ करायचं असेल तर आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड आला तेव्हा आरपीएम, लोड आणि ट्रिम किती होते ते तिथे साठवलेलं असतं आणि कोड पुसला की तेही पुसलं जातं. इग्निशन बंद करा, इंजिन निवू द्या, कपलर काढा, सेन्सर बाहेर घ्या. फक्त एअर फ्लो सेन्सरसाठी मिळणारा स्प्रेच वापरा. कार्ब्युरेटरचा किंवा ब्रेकचा क्लीनर नको, त्याने आतलं प्लास्टिक आणि तारेवरचा लेप खराब होऊ शकतो. थोड्या अंतरावरून दहा-पंधरा छोटे फवारे मारा. तारेला बोट, कापूस, ब्रश काही लावायचं नाही, कंप्रेसरची हवा तर मुळीच नाही, तार तुटते. पूर्ण वाळू द्या, घाई करू नका. स्प्रे पेट घेणारा असतो आणि तार तापते. बसवताना रबरी ओ-रिंग आणि हवेच्या दिशेचा बाण बघा. सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्यांत चीर आहे का तेही तपासा, कारण तिथून शिरलेली हवा कुणीच मोजत नाही. मग कोड पुसा म्हणजे जुना LTFT ही जाईल, आणि एक-दोन दिवस चालवून पुन्हा बघा.

मात्र तुमच्या गाडीत हा सेन्सर आहे का ते आधी बघा. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतो, त्याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असतो. लाइव्ह डेटात MAF ची ओळ नसेल तर वरचा हिशेब लागू नाही. ओळ आहे, हवा योग्य दिसतेय आणि तरी रेस दिल्यावर ट्रिम चढतोय, तर पेट्रोलच कमी पोचतंय; तेव्हा फ्युएल पंपाचं प्रेशर गेज लावून मोजायला सांगा. आयडलिंगला आणि २५०० ला सारखाच अधिक असेल, तर ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला गळती आहे का तेही बघून घ्या. तिथून बाहेरची हवा ओढली गेली की सेन्सर चांगला असूनही लीन दाखवतो.