रजिस्टरमधल्या नोंदीतून समरी

प्रश्न : मी ऐरोलीची. पर्यावरण अभियांत्रिकीत बी.ई. केल्यावर तीन वर्षं एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर कंत्राटदाराकडे काम करतेय. जर्मनीत मास्टर्ससाठी डीएएडीच्या ईपॉस शिष्यवृत्तीला अर्ज करायचाय. सीव्हीच्या वरची समरी सोबत पाठवलीय. पण माझं काम तर रोज रजिस्टर भरायचं, त्यात लिहिण्यासारखं काय आहे?

उत्तर : तुझ्या समरीत 'मेहनती', 'जिद्दी' आणि 'शाश्वत विकासाची आवड' आहे, सांडपाणी मात्र कुठेच नाही. म्हणून परवा फोनवर मी रजिस्टरबद्दलच खोदून विचारलं. रोज सकाळी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरून अर्ध्या तासात गाळ किती बसतो ते तू बघतेस. काही दिवशी तो बसतच नाही, असं तू जाता जाता म्हणालीस. मग तूच जुन्या नोंदी चाळल्यास, आणि त्या प्रत्येक दिवसाच्या आदल्या रात्री आत येणाऱ्या पाण्याला रंग होता, पीएच घसरलेला होता, हे तुझ्या लक्षात आलं. समरी इथून सुरू होते.

मी ती अशी लिहीन : 'सांडपाणी प्रक्रिया केंद्रात तीन वर्षं दैनंदिन चाचण्यांची जबाबदारी. गाळ न बसण्याच्या घटना रात्री येणाऱ्या रंगीत, आम्लयुक्त पाण्याशी जुळतात, हे जुन्या नोंदींवरून दाखवलं. त्यानंतर प्रभारींनी रात्रीची पीएच तपासणी सुरू केली. असा धक्का आधी ओळखून हवा देण्याचं वेळापत्रक कसं बदलावं, हे प्रक्रियेचं मॉडेलिंग शिकून समजून घ्यायचं आहे. परतल्यावर औद्योगिक पट्ट्यालगतच्या केंद्रांत ते वापरायचं आहे.'

यातलं चौथं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कामाने तुला एका प्रश्नापाशी आणून सोडलं आणि उत्तर केंद्रावर मिळेना, म्हणून अभ्यासक्रम हवा. हा सांधा नसला की वर नोकरी, खाली स्वप्न, असे दोन तुकडे उरतात. मात्र निवडलेल्या अभ्यासक्रमात मॉडेलिंगचा विषय खरंच आहे का, ते विषयांच्या यादीत बघून घे. नसेल तर वाक्य बदल, नाहीतर अभ्यासक्रम बदल.

रंगीत पाणी कुठल्या कारखान्याचं, हे लिहू नकोस. ते तू सिद्ध केलेलं नाही. 'केंद्राची कार्यक्षमता वाढवली' हेही नको. तपासणी सुरू करण्याचा निर्णय प्रभारींचा, नोंदी जुळवणं तुझं. शिफारसपत्र तेच देणार असतील तर दोन्ही कागदांत गोष्ट एकच दिसायला हवी, म्हणून हा मसुदा त्यांना आधी वाचायला दे. केंद्राचे आकडे बाहेर द्यायला हरकत नाही ना, तेही त्याच वेळी विचार.

या योजनेत पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव मागतात, त्यामुळे तुझी तीन वर्षं पुरतात. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख हवी; कंत्राटी नोकरीत नेमकी तीच राहून जाते. सिलिंडरची गोष्ट समरीत कोंबू नकोस. प्रेरणापत्राला दोन पानं मिळतात, तिथे ती पहिल्याच परिच्छेदात येऊ दे.